बाईंच्या दहा खेपा

भर उन्हाळ्यात तपकिरी स्वेटर घालून बसमधून उतरणारी बाई दिसली की रस्त्यातली माणसं वळून बघायची. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञ बाई दिवसातले पाच तास चार अंशांच्या थंड खोलीत काढायच्या आणि स्वेटर काढण्या-घालण्यात वेळ कशाला दवडा, असा त्यांचा साधा हिशेब होता. पाठीमागे सगळे त्यांना स्वेटरबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं बाई. तोंडावर काही वेडंवाकडं म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण तीन प्रयोगशाळांचे नमुने त्यांच्या हातातून जायचे आणि त्या बिनसल्या की तुमचं काम आठवडाभर बर्फात पडून राहायचं.

मी तिथे संशोधनाला लागले तेव्हा स्वतःला फार हुशार समजत होते. पुस्तकातलं सगळं मला पाठ होतं. नळ्या रोटरच्या खाचांत बसवून गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रापाशी पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "कुठल्या वेगानं फिरवणार?" मी तोऱ्यात मिनिटाला किती फेरे ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाटी-पेन्सिल विसरून शाळेत आले आहे.

"फेरे नाही विचारले. पट विचारले. या यंत्राचा रोटर एवढा, त्या यंत्राचा तेवढा. रुंद रोटरच्या कडेला नळी जास्त ओढली जाते, अरुंदच्या कडेला कमी. फेरे तेच असले तरी. पृथ्वी ओढते त्याच्या किती पट, ते सांग."

त्या दिवसापासून मी तोंड मिटून शिकायला लागले, आणि माझ्या बाबतीत ही गोष्ट आजवर फार थोड्या माणसांना जमली आहे.

बाईंचं काम असं असे. उंदराचं ताजं यकृत बर्फावर घ्यायचं, कात्रीनं बारीक कातरायचं आणि गार साखरेच्या द्रावणात टाकायचं. साधं पाणी चालत नाही. पाण्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाघरं, फुगून फुटतात. मग ते जाड काचेच्या नळीत घ्यायचं आणि घोटायचं. नळीच्या आत जेमतेम बसेल असा गुळगुळीत पांढरा दांडा स्टँडवरच्या मोटरला उलटा लटकत गरगर फिरत असे. आपण दोन्ही हातांनी नळी धरून त्या दांड्यावर वर चढवायची, दांडा तळाला टेकला की खाली घ्यायची, पुन्हा वर. ही झाली एक खेप. दांडा आणि काच यांच्या फटीतून जाताना पेशी फुटते, पण तिच्यातलं केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया शाबूत राहतात. कमी घोटलं तर पेशी अख्ख्या राहतात. अती घोटलं तर केंद्रकंही फुटतात, त्यातला डीएनए बाहेर येतो आणि सगळ्याचा चिकट लगदा होतो. बाईंच्या दहा खेपा ठरलेल्या. डोळे मिटून घोटायच्या आणि ओठांत मोजायच्या.

"डोळे का मिटता?" मी एकदा विचारलं.

"डोळ्याला काय कळतंय. हाताला कळतं."

मग ते पातळ कापडातून गाळून सेंट्रिफ्यूजमध्ये. आधी सहाशे पट, दहा मिनिटं. मोठं ते आधी बसतं, म्हणून एवढ्या हलक्या ओढीनं केंद्रकं तळाला जातात. वरचं निवळ अलगद दुसऱ्या नळीत घ्यायचं आणि दहा हजार पट, वीस मिनिटं. आता मायटोकॉन्ड्रिया बसतात, चहाच्या रंगाचा दाट थर. त्यावरचं निवळ अजून गढूळच असतं. त्यात पेशीतल्या पडद्यांच्या तुकड्यांना चिकटलेले रायबोसोम, प्रथिनं बनवणारे बारीक कण, असतात, ते सोडवायला एक डिटर्जंट घालायचं आणि मोठ्या यंत्रात लाख पट, तीन तास. त्या यंत्रात हवासुद्धा ठेवत नाहीत, नाहीतर रोटर हवेला घासून तापेल. तीन तासांनी नळीच्या बुडाशी काचेसारखा थेंब दिसतो, नळी तिरपी धरली तरच. तो रायबोसोमचा. समोरासमोरच्या नळ्या तराजूवर घालून थेंबाथेंबानं सारख्या करायच्या, प्रत्येक थर पुन्हा गार द्रावणात कालवून धुवायचा आणि सगळं गारच ठेवायचं, कारण पेशी फुटली की तिच्यातलेच पाचक रस शेजाऱ्यांना खायला लागतात. "भाऊबंदकी," बाई म्हणायच्या.

प्रत्येक थराचं वजन त्या एका निळ्या वहीत लिहायच्या. ते कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी बघतही नव्हतं. तारीख, प्राणी, वय, खेपा दहा, पहिला थर, दुसरा, तिसरा. अक्षर इतकं बारीक की मुंगीनं वाचावं.

माझा विषय होता म्हातारपण. एक एन्झाइम होतं, ते मायटोकॉन्ड्रियात राहतं हे सगळ्यांना माहीत होतं. वय वाढलं की त्याचं काय होतं, हे मला बघायचं होतं. एकाच पिढीचे चाळीस पांढरे उंदीर प्राणिगृहात वाढवायला ठेवले आणि ते चार महिन्यांचे झाले, बारा महिन्यांचे झाले, अठरा, बावीस, तसतसे काही काही घेऊन बाईंकडे दिले. चार महिन्यांच्या वेळी एन्झाइम दुसऱ्या थरात, म्हणजे जिथे हवं तिथे. पहिला थर स्वच्छ आहे ना, मायटोकॉन्ड्रियाची भेसळ नाही ना, ही तपासणीही मी तेव्हा केली. स्वच्छ होता. मग ती तपासणी पुन्हा केली नाही. एकदा केली ना, झालं. आळस नव्हता तो. बाईंचा हात होता ना, मग कशाला, असं मला वाटलं.

बारा महिन्यांना थोडं एन्झाइम पहिल्या थरात दिसलं. अठराला आणखी. बावीसला तर शंभरातले जवळजवळ चाळीस भाग पहिल्या थरात, म्हणजे केंद्रकांत. वय वाढतं तसं हे एन्झाइम मायटोकॉन्ड्रिया सोडून केंद्रकात जातं! माझा आलेख सरळ रेषेत चढत होता. सरांनी, म्हणजे आमच्या मार्गदर्शकांनी, तो आलेख दोन दिवस खिशात घालून फिरवला. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. लेख लिहून झाला, सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचायचा आणि दुपारी पाठवायचा असं ठरलं. साडेतीन वर्षं मी त्यासाठी घासली होती. घरी आई फोनवर शेजारणींना सांगत होती की लेकीनं म्हातारपणाचं कारण शोधलं. मी तिला दुरुस्त केलं नाही.

त्या आठवड्यात बुधवारी शेजारच्या प्रयोगशाळेतला लंबू आला. आमचा तिसरा थर आम्हाला लागत नसे, तो आम्ही त्याला फुकट देत असू. त्याचं सगळं संशोधन आमच्या उष्ट्यावर चालायचं, आणि तरी तोंड वर करून म्हणतो कसा, "बाई, तुमचे रायबोसोम आटले का हो? वर्षभर कमी कमीच येतायत. आता तर निम्म्यावर आलेत."

मीच त्याच्या अंगावर गेले. "दानाच्या गायीचे दात मोजतोस? म्हातारे उंदीर आहेत, कमी असतील."

लंबू हसून गेला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी निळी वही काढली आणि उभ्या उभ्या मागची पानं चाळायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही वहीतच डोकं घालून होत्या. शुक्रवारी सकाळी मला थंड खोलीत बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"बस. तुझं एन्झाइम मायटोकॉन्ड्रियातून उठून केंद्रकात गेलं, असं तू लिहिलंयस."

"हो."

"एन्झाइम गेलं. मायटोकॉन्ड्रिया गेले नाहीत ना त्याच्याबरोबर?"

"नाही."

"मग दुसरा थर का बारीक झालाय?" त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. बोट एकेका ओळीवरून खाली गेलं. पहिला थर जाड जाड होत गेलेला. दुसरा पातळ. तिसराही पातळ, अगदी त्याच प्रमाणात. "आणि रायबोसोमचं काय? त्यांचा या सगळ्याशी संबंध काय? ते कुठे गेले?"

मी म्हणाले, म्हातारपणी रायबोसोम कमी होत असतील. माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

"असतील. पण मग पहिला थर का फुगला?" बाई शांतपणे म्हणाल्या. "मला एकच उत्तर दिसतं. पेशी फुटतच नाहीयेत सगळ्या. अख्खी पेशी केंद्रकाहून मोठी. ती पहिल्याच फेरीत केंद्रकांबरोबर खाली बसणार. तिच्या पोटात मायटोकॉन्ड्रिया, तिच्या पोटात रायबोसोम, तिच्याच पोटात तुझं एन्झाइम. सगळं पहिल्या थरात."

मला आधी राग आला. तो मला नेहमी आधी येतो. "बाई, घोटता तुम्ही. तुमचा हात कसा चुकेल? दहा खेपा लिहिल्यात प्रत्येक ओळीत."

"खेपा दहाच आहेत," त्या म्हणाल्या. "वर्षभर बरणीचं झाकण सून उघडून देते मला. नातीची वेणी मी डाव्या हातानं घालते. उजवा खांदा वर जात नाही. घरात जातो तेवढा पुरतो म्हणून गप्प बसले. इथे माझ्या ध्यानातच आलं नाही."

मी त्यांच्या घरी एकदा गेले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मुलगा बसचा ड्रायव्हर, सून शिवणकाम करणारी, आणि सगळं इतकं जागच्या जागी की ग्लास उचलला तर पुन्हा त्याच वर्तुळात ठेवावासा वाटे. तिथे बाई म्हणाल्या होत्या की दीड वर्षानं निवृत्त होईन आणि शेवटच्या दिवशीही घोटूनच घरी येईन. घोटणं गेलं तर त्यांना भांडारात बसवणार, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायला, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्या मला हे का सांगत होत्या, हेच मला कळेना. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळणार होतं?

"खात्री नाही अजून," त्या उठत म्हणाल्या. "बघू या. बावीस महिन्यांचा एक उरलाय ना?"

दुपारी आम्ही ते यकृत घेतलं. कातरून एकजीव केलं, तराजूवर दोन सारखे वाटे केले. एक त्या घोटणार, एक मी. पहिल्या वर्षी त्यांनी मला घोटायला शिकवलं होतं, नंतर कधी नळी हातात दिली नव्हती. नळी तीच, दांडा तोच, मोटरचा वेग तोच.

आधी त्यांनी घेतली. मला वाटलं होतं की ज्या बाईला स्वतःची चूक सिद्ध करायची आहे ती हात सैल सोडेल. तसं झालं नाही. त्यांनी पाय रोवले, दातांवर दात धरले आणि नळी वर रेटली. चार अंशांत त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांना जिंकायचं होतं. आणि मलाही त्यांनी जिंकायला हवं होतं, कारण त्यांचा हात खरा ठरला तर माझा शोध खरा. देवाशपथ सांगते, तेवढा वेळ जगात त्यांच्या खांद्याला माझ्याइतकं बळ कुणी मागितलं नसेल.

त्यांचे डोळे मिटलेले होते. माझे उघडे होते. नळी वर जायची, जायची, आणि दांडा तळाच्या बोटभर वर थांबायचा. खांदा त्याच्यापुढे जात नव्हता. बाई ओठांत मोजायच्या, एक. पुन्हा वर, पुन्हा बोटभर वर थांबून, दोन. तळाशी गोळा झालेलं मांस तसंच बसून होतं. हाताला कळतं म्हणणाऱ्या बाईंच्या हाताला ते कळत नव्हतं. तो बेटा दुखेपर्यंत पुढे जायचा आणि तळ आला असं सांगून परत यायचा.

दहा झाल्या. त्यांनी डोळे उघडले, नळी उजेडात धरली आणि तळाशी उरलेला गोळा बघितला.

माझ्या वाट्याला मी दहा खेपा घेतल्या, तळाला टेकवून. मग दोन्ही नळ्या शेजारी शेजारी सेंट्रिफ्यूजमध्ये. सहाशे पट, दहा मिनिटं. त्यांचा पहिला थर जाड, माझा पातळ. दहा हजार पटीला माझा चहाच्या रंगाचा थर त्यांच्यापेक्षा घसघशीत दिसला. पहिल्या थरातला एकेक थेंब निळ्या रंगात कालवून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. माझ्यात सुटी, गोल, उघडी केंद्रकं. त्यांच्यात केंद्रकं होतीच, पण त्यांच्यामध्ये मोठ्या मोठ्या अख्ख्या पेशी, कुठे तर चार-पाच एकमेकींना धरून बसलेल्या. संध्याकाळपर्यंत एन्झाइम मोजलं. त्यांच्या पहिल्या थरात शंभरात अडतीस भाग. माझ्या पहिल्या थरात सात. तोच उंदीर, तेच यकृत.

आकडे वाचून मी रडले. लाज वाटायला हवी होती, पण मला स्वतःसाठीच रडू आलं होतं. एन्झाइम कुठेही गेलं नव्हतं. उंदीर म्हातारे होत होते तसतशा बाई म्हाताऱ्या होत होत्या, आणि मी बाईंचा खांदा मोजून त्याचा आलेख काढला होता.

बाईंनी मला रडू दिलं. मग लाख पटीच्या यंत्रातून तिसऱ्या थराच्या दोन नळ्या काढल्या, तिरप्या धरल्या, वजनं केली आणि वहीत लिहिली. लंबूचा थेंब माझ्या नळीत दुपटीनं मोठा होता.

शनिवार-रविवार मी अंथरुणात काढला. सोमवारी सकाळी मात्र मला एक युक्ती सुचली होती, आणि मी बैठकीच्या आधी बाईंना जिन्यात गाठलं.

"बाई, सरांना सांगू की दांडा झिजला होता. खरंच थोडा झिजलाय. फट वाढली, पेशी निसटल्या. नवा मागवू. लेख तसाही गेलाच आहे. तुमचं नाव कशाला?"

मला वाटलं होतं त्या विरघळतील. त्या रागावल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर.

"आणि नवा दांडा आला की पुन्हा मीच घोटायचं? पुढच्या पोरीची साडेतीन वर्षं घालवायची?"

"तुम्हाला भांडारात टाकतील."

"टाकू देत," त्या म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या, कठडा डाव्या हातानं धरून.

बैठकीत शेजारच्या लंबूसकट आम्ही बाराजण होतो. सर आलेख भिंतीवर लावून बसले होते आणि खुशीत होते. मी उभी राहिले आणि म्हणाले की लेख पाठवता येणार नाही, दोन वाट्यांचा निकाल असा असा आला. सरांचा चेहरा उतरत गेला. त्यांना ते पटेना. माणसाला जे आवडतं ते सुटत नाही लवकर. ते म्हणाले, एक उंदीर म्हणजे काही नाही, म्हाताऱ्या यकृताच्या पेशीच चिवट होत असतील, त्या कुणाच्याही हातानं फुटत नसतील, तोही शोधच आहे, तो सोडायचा नाही. ते माझ्या बाजूनं बोलत होते. मला हो म्हणायचा मोह झाला, अगदी जिभेच्या टोकापर्यंत.

बाई कधी बैठकीत बोलत नसत. त्या मागच्या खुर्चीवरून उठल्या, निळी वही सरांपुढे उघडी ठेवली आणि म्हणाल्या, "तोच उंदीर हिच्या हातात फुटला. उंदीर ठणठणीत आहेत, साहेब. म्हातारी मी झालेय."

आणि त्या हसल्या. कुणीतरी हसलं, मग लंबूसुद्धा हसला, आणि खोलीभर हसू पसरलं. फक्त सर वहीत बघत होते. वर्षभराच्या ओळींपुढे, जिथे जिथे खेपा दहा लिहिलं होतं तिथे तिथे, बाईंनी रविवारी घरी बसून एकेक करून लाल शाईनं लिहिलं होतं: हात अपुरा, हिशेबात धरू नये. अक्षर डाव्या हाताचं होतं.